बाईंचा रिलेव्हंट एक्सपिरियन्स

मराठी शाळेतल्या शिक्षकाचा बायोडाटा नोकरी मिळवण्यासाठी लिहिलेला नसतो, तो चौकशीला तोंड देण्यासाठी लिहिलेला असतो. संपूर्ण नाव आडनावापासून. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. जात, प्रवर्ग, जात पडताळणी प्रमाणपत्राचा क्रमांक. नेमणुकीचा दिनांक आणि त्याखाली, लाल शाईने अधोरेखित, वैयक्तिक मान्यतेचा जावक क्रमांक. सरतेशेवटी ‘वरील माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन’ आणि सही. या माणसाला मान्यता कुणी दिली, कधी दिली, कोणत्या पत्राने दिली, हे सगळं त्यात असतं. हा माणूस सकाळी साडेसातपासून नेमकं करतो काय, एवढंच नसतं.

असा बायोडाटा घेऊन एखाद्या बाई जेव्हा कॉर्पोरेट ट्रेनिंगच्या नोकरीकडे वळतात, तेव्हा काय घडतं त्याची ही हकिगत आहे. या लेखातल्या बाई एकच नाहीत. चार-पाच शिक्षिकांच्या अनुभवांचे तुकडे जोडून त्यांना उभं केलं आहे, तेव्हा कुणी आपल्या शाळेतल्या बाईंकडे संशयाने पाहू नये.

बाई पुण्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतात. शाळा अंशतः अनुदानित, म्हणजे 40 टक्क्यांच्या टप्प्यावर. शिक्षक सोडून इतरांना ही भानगड समजावून सांगावी लागते. पगाराचे 40 टक्के सरकार देतं, उरलेले संस्थेने द्यावेत अशी अपेक्षा असते. बाईंचा भाचा खराडीच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. नोकरीच्या पोर्टलवर मावशीचं खातं उघडून देताना ‘करंट सीटीसी’च्या चौकटीपाशी तो थांबला.

“40 टक्के म्हणजे पार्ट टाइम का गं, मावशी?”

“नाही रे, पूर्ण वेळ. शनिवारीसुद्धा.”

“मग उरलेले 60 टक्के?”

“ते संस्थेने द्यायचे असतात.”

“देते?”

बाईंनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

जुना बायोडाटा शाळेच्या क्लार्कने टाइप केलेला होता आणि फाइलचं नाव होतं `Biodata_new_final_2`. भाच्याने ती आपल्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची जत्रा भरली. क्लार्कने मजकूर युनिकोडमध्ये न लिहिता जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बसवला होता. असा फाँट पडद्यावर मराठी दाखवतो खरा, पण फाइलीत मात्र रोमन अक्षरांचे संकेत साठवतो. तो फाँट ज्या यंत्रावर नाही तिथे बाईंचं शिक्षण, अनुभव आणि आडनाव यांचा सारखाच चिवडा होतो. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणसाच्या हातात पडत नाहीत. एटीएस नावाची प्रणाली ते वाचून नाव, शिक्षण, अनुभव असे कप्पे भरते आणि एचआरवाले त्या कप्प्यांत शोधशब्द टाकून माणसं धुंडाळतात. चिवड्यात शोधशब्द सापडत नाही.

यावर भाच्याने इंटरनेटवरून एक देखणा साचा उतरवला. डावीकडे निळी पट्टी, तिच्यात गोल फोटो, खाली कौशल्यांपुढे तारे. कम्युनिकेशन : पाचपैकी चार. बाईंना न मिळालेल्या पाचव्या ताऱ्याचा राग आला. “तो एक तारा कशाबद्दल कापलास?” प्रश्न रास्त होता. ज्या बाईने आयुष्यभर अर्ध्या गुणाचा हिशेब पालकांना दिला आहे, तिला हे तारे कोणत्या निकषावर दिले हे विचारण्याचा हक्क आहेच. आणि दोन रकान्यांचा हा साचासुद्धा अनेक एटीएसना पेलत नाही. डाव्या रकान्यातली ओळ उजव्या रकान्यातल्या ओळीला चिकटते आणि ‘बी.एड., पुणे विद्यापीठ’च्या पुढे ‘आवड : रांगोळी’ येतं. शेवटी एक रकाना, साधी शीर्षकं, तारे नाहीत, फोटो नाही आणि जन्मतारीख अक्षरीसुद्धा नाही, असं ठरलं. जावक क्रमांक काढताना बाईंचा हात अडखळला. तो मिळवायला त्यांनी जिल्हा परिषदेत ज्या चकरा मारल्या होत्या, त्या या रिझ्युमेतला सर्वांत खडतर प्रोजेक्ट ठरला असता.

मग सुरू झाला खरा उद्योग. शाळेचं काम कंपनीच्या भाषेत लिहायचं होतं आणि भाचा या कलेत पटाईत होता. ‘वर्गावर शिकवणे’ याचं त्याने ‘फॅसिलिटेटेड हाय-इम्पॅक्ट लर्निंग इंटरव्हेन्शन्स’ केलं. पालक सभेचं ‘मल्टी-स्टेकहोल्डर एंगेजमेंट’ झालं. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून नोंदवहीत सही करायची असते, त्याचं ‘क्वालिटी अ‍ॅश्युरन्स अँड कंप्लायन्स डॉक्युमेंटेशन’ झालं, जे तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. रायगडच्या सहलीला दोन बस भरून मुलं नेली आणि तितकीच परत आणली, याबद्दल त्याने लिहिलं : ‘एंड-टु-एंड इव्हेंट एक्झिक्युशन विथ झिरो अ‍ॅट्रिशन’. ऑफ तासाला दुसऱ्याच्या वर्गावर बसण्याला त्याने ‘बिझनेस कंटिन्युइटी’ म्हटलं. बाई वाचत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो भाव आला, जो गृहपाठात वडिलांचं अक्षर ओळखल्यावर येतो.

“हे छान आहे,” त्या म्हणाल्या, “पण ही बाई कोण?”

तरी तो रिझ्युमे गेला. भाच्याच्या ओळखीतल्या एका ट्रेनिंग मॅनेजर मॅडमनी सरावाची मुलाखत घ्यायचं कबूल केलं होतं. या मॅडम एका बीपीओत प्रोसेस ट्रेनर नेमतात. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या नव्या मुलामुलींना काही आठवडे वर्गात शिकवायचं, परीक्षा घेऊन सर्टिफाय करायचं, मग देखरेखीखाली खरे फोन घ्यायला लावायचं आणि मगच फ्लोअरवर सोडायचं, हे प्रोसेस ट्रेनरचं काम. मॅडमनी पहिलं बोट बरोबर सहलीवर ठेवलं.

“झिरो अ‍ॅट्रिशन म्हणजे काय?”

“सगळी मुलं घरी परत आणली.”

मॅडम हसल्या नाहीत. बीपीओत अ‍ॅट्रिशन हा हसण्याचा विषय नसतो. शिकवून तयार केलेली माणसं महिन्याभरात सोडून जातात, त्याला ते अ‍ॅट्रिशन म्हणतात आणि त्यावरून ट्रेनरची खरडपट्टी निघते. ‘स्टेकहोल्डर’वरही तेच झालं. कोणते स्टेकहोल्डर, त्यांना काय हवं होतं, तुम्ही नाही कशाला म्हणालात, असे तीन प्रश्न ओळीने आले. बाईंनी पालक, पालक आणि पालक अशी उत्तरं दिली. फुगवलेल्या शब्दाची गंमत हीच असते की त्याचा मूळ अर्थ समोरच्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. त्या शब्दाने बाईंना दार उघडून दिलं आणि आत गेल्यावर त्याच शब्दाने अडवलं.

मॅडमनी रिझ्युमे बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, “तुमच्याकडे येण्याआधी कुणाला काय येत नव्हतं? तुमच्यानंतर काय यायला लागलं? आणि ते यायला लागलं हे तुम्हाला कशावरून कळलं?”

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली ट्रेनिंगचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं आणि कॉर्पोरेट जग आजही त्याच जिन्यावर चढउतार करतं. शिकणाऱ्याला ते आवडलं का, ही पहिली पायरी. शिकला का, ही दुसरी. कामावर गेल्यावर वागणं बदललं का, ही तिसरी. आणि त्याने धंद्याचं काही भलं झालं का, ही चौथी. गंमत म्हणजे शाळा आणि कंपनी या जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसून राहिल्या आहेत. कंपन्यांचा मुक्काम बहुधा पहिलीवर. ट्रेनिंग संपलं की फॉर्म वाटायचा, लोक जेवण चांगलं होतं म्हणून पाचपैकी पाच देतात, आणि ट्रेनरची वार्षिक वाढ त्या पनीरवर ठरते. शाळेत पहिली पायरी बांधलेलीच नाही. ‘आजचा तास कसा वाटला’ असं सातवीच्या वर्गाला विचारायची प्रथा नाही, आणि नसलेलीच बरी. पण दुसऱ्या पायरीचं साहित्य शाळेत कपाटं भरून असतं. घटक चाचण्या, आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, पेपर काढण्याआधी कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे ठरवणारा संविधान तक्ता. हे सगळं शिक्षक सरकारला दाखवण्यासाठी लिहितात, त्यामुळे ते आपल्यालाही कधी दाखवता येईल हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तिसरी-चौथी पायरी शाळेलाही चुकत नाही, फक्त ती पंधरा वर्षांनी येते, आणि तीही ट्रॅफिक हवालदाराच्या रूपात, जो पावती फाडता फाडता म्हणतो, “बाई, तुम्ही?”

बाईंनी ताबडतोब आपला हुकमाचा पत्ता काढला. सातवीचा निकाल सलग सगळी वर्षं 100 टक्के.

हा पत्ता काढू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला एकाच वर्गात मागे ठेवायला मनाई केली होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती मुभा मिळाली. सातवीला नापास करणं बाईंच्या हातातच नव्हतं. तेव्हा त्या 100 टक्क्यांचं श्रेय संसदेला जातं. एचआरच्या पोरसवदा माणसाला हे कदाचित कळणार नाही. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडच्या एखाद्याची आई शिक्षिका असतेच, आणि मग त्या एका ओळीपायी बाकीच्या खऱ्या ओळीही संशयित होतात.

“मग माझ्याकडे आहे काय?” बाईंनी विचारलं. मॅडमनी त्यांना घरी जाऊन टाचणवही आणि गुणतक्ते काढायला सांगितलं. शिक्षकाला स्वतःच्या वह्या तपासायला सांगणं हा खरं तर सूड आहे, पण तिथेच माल सापडला.

आठवीचा 62 मुलांचा वर्ग होता. धनऋण संख्यांच्या वजाबाकीत मुलं पडत होती. ‘मुलं कच्ची आहेत’ असं म्हणून पुढच्या धड्याकडे जाण्याचा राजमार्ग मोकळा असताना बाईंनी दहा प्रश्नांची एक नैदानिक चाचणी घेतली होती. चुका किती हे मोजण्याऐवजी चुका कोणत्या हे त्यांनी वेगळं काढलं. 62 पैकी 23 मुलं ‘5 – (–3)’ याचं उत्तर 2 लिहीत होती. दोन वजा चिन्हं दिसली की मुलं त्यातलं एक चिन्ह निरुपद्रवी समजून सोडून देत होती. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती, कारण प्रत्येक जण ती त्याच पद्धतीने, पूर्ण विश्वासाने करत होता. बाईंनी त्या 23 जणांना परिपाठाआधी रोज वीस मिनिटं बोलावलं. पाच आठवडे जमिनीवर खडूने संख्यारेषा आखून त्यांना तिच्यावर पुढे-मागे चालायला लावलं, उलट तोंड करून उलट चालायलासुद्धा. मग त्याच घाटाची, आकडे बदललेली चाचणी पुन्हा घेतली. अडणारे सहा उरले. त्या सहांपैकी चौघांची नावं हजेरीपटावर पाहिली, तर त्या पाच आठवड्यांत ती मुलं निम्म्याहून जास्त दिवस आलीच नव्हती.

मॅडमनी ही हकिगत ऐकली आणि पहिल्यांदाच पेन उघडलं. कारण त्यांच्या धंद्यात याच कामाला पगार मिळतो. फ्लोअरवर ज्यांचे गुण सर्वांत खाली, त्या चौथाई लोकांना बॉटम क्वार्टाइल, लाडाने बीक्यू, म्हणतात. शाळेत त्यांना काय म्हणतात हे इथे लिहिण्याचं कारण नाही. त्यांचं कुठे अडतं ते शोधणं म्हणजे टीएनआय, ट्रेनिंग नीड्स आयडेंटिफिकेशन. त्यांच्यासाठी वेगळे तास म्हणजे रिफ्रेशर. नंतर पुन्हा मोजणं आलंच. आणि उरलेल्या सहांत हजेरीमुळे किती आणि न समजल्यामुळे किती, हे वेगळं करणं तर पुष्कळ ट्रेनरांना सुचत नाही. ते सगळ्या सहांना पुन्हा तोच पीपीटी दाखवतात.

पण मॅडमनी एक खोडाही घातला. “हे 17 जण तुमच्या वीस मिनिटांमुळे सुधारले की रोजच्या तासालाच हळूहळू आलं असतं?”

बाईंनी थोडा विचार केला. “ब तुकडीला तोच धडा दुसऱ्या सरांकडे होता. तिथे असा गट नव्हता. पण तिथे मी चाचणी घेतली नाही. तेव्हा नक्की सांगता येणार नाही.”

हे उत्तर भाच्याला भयंकर वाटलं, मॅडमना आवडलं. रिझ्युमेत ती ओळ शेवटी साध्या इंग्रजीत अशी गेली : आठवीच्या 62 विद्यार्थ्यांची निदान चाचणी घेतली, 23 जणांची एक समान चूक शोधली, त्यांच्यासाठी पाच आठवड्यांचा रोज 20 मिनिटांचा उपक्रम आखून चालवला, फेरचाचणीत ती चूक करणारे 6 उरले. ‘हाय-इम्पॅक्ट’ नाही, ‘ट्रान्सफॉर्म्ड’ तर नाहीच. आणि या ओळीवर कुणी कितीही खोदलं तरी खाली वही आहे.

एवढ्याने काम भागलं नाही. प्रोसेस ट्रेनरला शिकवायची असतात मोठी माणसं, आणि बाईंची आजवरची सगळी गिऱ्हाइकं चौदाच्या आतली. इथे मॅडमनी माल्कम नोल्स यांचं नाव घेतलं. मोठ्यांचं शिकणं मुलांपेक्षा निराळं असतं, हे नोल्स यांनी ठासून मांडलं : मोठ्या माणसाला हे मी का शिकायचं ते आधी कळायला हवं, त्याचा आधीचा अनुभव जमेस धरायला हवा, आणि शिकलेलं उद्या कामाला यायला हवं. ‘परीक्षेला येईल’ हे कारण त्याच्यावर चालत नाही. बाईंनी कबूल केलं की मोठ्या माणसांना शिकवण्याचा आपल्याला काही अनुभव नाही. आणि मग, भांडी आवरता आवरता आठवावं तसं, त्या म्हणाल्या, “केंद्राच्या शिक्षण परिषदेत तेवढं सुलभक म्हणून बोलवायचे. पण ती ड्युटी.”

भाच्याने कपाळावर हात मारला. दोन दिवस पोषण आहाराच्या खिचडीला तो क्वालिटी अ‍ॅश्युरन्स ठरवत बसला होता, आणि मावशी तीन वर्षं शिक्षकांना शिकवत होती हे तिने कागदावर आणलंच नव्हतं.

शिक्षक हा प्रशिक्षणार्थी म्हणून काय चीज आहे, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. दिवसभर जो इतरांना ‘लक्ष कुठाय’ म्हणतो, तो स्वतः बाकावर बसला की शेवटचा बाक शोधतो. कुणी पेपर तपासायचा गठ्ठा घेऊन येतं. कुणी निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले सर पहिल्याच मिनिटाला विचारतात, “हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, ते आधी सांगा.” वरून आलेलं प्रशिक्षण राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत येतं आणि प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. केंद्रावरच्या सुलभकाच्या वाट्याला राज्याने दिलेल्या पाच दिवसांतला अर्धा दिवस आणि एक बंद पडलेला प्रोजेक्टर येतो. तिथे बाई चाळीसेक शिक्षकांना अपूर्णांकांचा उपक्रम प्रत्यक्ष करायला लावत. दीड वर्ष उरलेल्या सरांनाच गटप्रमुख करत, त्यामुळे विरोधी पक्ष सत्तेत येई. महिनाभराने कोणत्या शाळेत तो उपक्रम खरोखर झाला याची विचारणाही करत, कारण केंद्रप्रमुखांना अहवाल लागे. नोल्स यांच्या तिन्ही अटी आणि कर्कपॅट्रिक यांची तिसरी पायरी, सगळं त्यात होतं. मॅडमच्या मते रिझ्युमेची पहिली ओळ हीच. विज्ञान-गणिताची वर्षं तिच्या खाली.

त्यामुळे पोर्टलवरच्या आणखी एका चौकटीचा प्रश्न सुटला. तिथे ‘टोटल एक्सपिरियन्स’ वेगळा असतो आणि ‘रिलेव्हंट एक्सपिरियन्स’ वेगळा. चौदा वर्षं नोकरी झालेला शिक्षक पहिल्या चौकटीत 14 लिहितो आणि दुसरीपाशी घाम पुसतो. 14 लिहिलं तर थाप वाटते, शून्य लिहिलं तर नुकत्याच बी.एड. झालेल्या मुलीइतका पगार सांगतात. बाईंनी 3 लिहिलं. कोणी विचारलं तर कोणती तीन, कुणाला शिकवलं, किती जण होते, हे सांगता येत होतं.

एलएमएसचा प्रश्न आला तेव्हा मोह पुन्हा झाला. सरकारच्या दीक्षा या मंचावर बाईंनी निष्ठा प्रशिक्षणाचे कोर्स पुरे केले होते, प्रमाणपत्रं होती. भाचा ‘एलएमएस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ लिहायला निघाला होता. पण कोर्स करणं आणि कोर्स चढवणं, गट नेमणं, अहवाल काढणं यांत फरक आहे. शेवटी ‘दीक्षावर शिकाऊ म्हणून वापर’ एवढंच राहिलं. निवडणुकीच्या ड्युटीने मात्र एक ओळ मिळवली. बाई मतदान केंद्राध्यक्ष होत्या. हाताखाली अनोळखी माणसं, पहाटे मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी किमान 50 मतांचं मॉक पोल, दिवसअखेर 17-सी नमुन्यात मतांचा ताळा, आणि चूक झाली तर खुलासा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला. कोणत्याही कंपनीतल्या ‘कंप्लायन्स’ला याहून कडक मालक नसेल.

या नव्या रिझ्युमेवर खऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीनंतर डेमो असतो. दहा मिनिटं, विषय कोणताही. बहुतेक उमेदवार चहा कसा करावा हे शिकवतात, त्यामुळे पॅनेलला आता चहा नको असतो. बाईंनी विजेचं बिल वाचायला शिकवलं. सुरुवात झकास झाली. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत, फळ्यावर अक्षर सरळ रेषेत, वेळेचं भान असं की घड्याळाकडे न बघता साडेनऊव्या मिनिटाला आवरतं घेतलं. चौदा वर्षं तासाची घंटा ऐकलेल्या माणसाला ते जमतंच. पण शाळा अंगातून इतक्या लवकर जात नाही. स्थिर आकार समजावून झाल्यावर त्यांनी पॅनेलकडे पाहून विचारलं, “कळलं का सगळ्यांना?” आणि तीन मॅनेजर एका सुरात “होऽऽऽ” म्हणाले.

त्या ‘हो’ला शून्य किंमत आहे, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. वर्गातही नसते. ज्याला कळलेलं नसतं त्याचा ‘हो’ सर्वांत लांब असतो. फरक इतकाच की वर्गात ही फसवणूक उद्याच्या तासाला उघडी पडते, आणि कंपनीत ट्रेनर पुढच्या शहरात गेलेला असतो. बाईंनी स्वतःला सावरलं, आपल्या हातातलं बिल एका मॅनेजरला दिलं आणि विचारलं, “यात वहन आकार किती युनिटचा लावलाय, दाखवा बरं.” त्याने एकूण रक्कम दाखवली. बाई त्याच्या खुर्चीपाशी गेल्या आणि दोन मिनिटांत त्याच्याच तोंडून बरोबर उत्तर काढलं. अडचण एवढीच झाली की उत्तर आल्यावर त्या “शाब्बास!” म्हणाल्या. पॅनेलच्या शेऱ्यात हे दोन्ही नमूद झालं : आकलन तपासण्याची पद्धत उत्तम, सूर शिक्षकी.

निवड झाली. पगाराचा आकडा शंभर टक्के होता, म्हणजे ज्यातलं उरलेलं कुणी द्यायचं हा प्रश्न नव्हता. मग एचआरमधल्या मुलीने विचारलं, नोटीस पीरियड किती? खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बाईंना वाटलं, इथे सगळं फिसकटणार. पण आयटीवाल्यांच्या 90 दिवसांच्या नोटिशीला सरावलेल्या त्या मुलीने पापणीही हलवली नाही. एवढ्या एका बाबतीत तरी शाळा आणि हिंजवडी यांची घडी नेमकी जुळली.

मुख्याध्यापकांनी राजीनामा घेतला, दोनदा वाचला, आणि जाण्याआधी टाचणं, चाचण्यांचे संच, कच्च्या मुलांच्या याद्या हे सगळं पुढच्या शिक्षकाला नीट समजावून द्यायला सांगितलं. भाचा खूश झाला. ही ‘नॉलेज ट्रान्सफर’ची ओळ पुढच्या रिझ्युमेत घालता येईल म्हणाला.

“किती जणांना द्यायचंय ट्रेनिंग, मावशी?”

“पवित्र पोर्टलवर जागा निघाली आणि भरली, तर एकाला. तोवर कुणालाच नाही.”